स्पीड टेस्ट उत्तम, तरी कॉल तुटतो: मोडेमचे सिग्नल आणि चुकांचे आकडे कसे वाचायचे

स्पीड टेस्टला आकडा पूर्ण येतो आणि तरी व्हिडिओ कॉल मध्येच दोन सेकंद गोठतो, आवाज तुटतो, मग सगळं आपोआप सुरळीत होतं. ग्राहक सेवेला फोन लावला की ठरलेलं उत्तर मिळतं: मोडेम बंद करून पुन्हा चालू करा. नेमकं तेवढं लगेच करू नका. मोडेम बंद झाला की त्यात साठलेली चुकांची मोजणी शून्यावर जाते, आणि दोष शोधायला तीच तर हवी असते.

या लेखात मुख्यतः केबल मोडेमबद्दल लिहितो आहे. डीएसएलचा, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या इंटरनेटचा, भाग शेवटी आहे. विचार करायची पद्धत एकच आहे, फक्त आकड्यांची नावं बदलतात.

पान उघडणं

बहुतेक केबल मोडेमचं स्थितीचं पान ब्राउझरमध्ये `192.168.100.1` टाकलं की उघडतं. मोडेम आणि राउटर वेगळे असले तरी बहुधा हाच पत्ता चालतो. मोडेम-राउटर एकाच डब्यात असतील तर `192.168.0.1` किंवा `192.168.1.1` करून पाहा. `Status`, `Connection` किंवा `DOCSIS` अशा नावाखाली दोन तक्ते दिसतील, एक डाउनस्ट्रीमचा म्हणजे तुमच्याकडे येणाऱ्या डेटाचा, आणि एक अपस्ट्रीमचा म्हणजे तुमच्याकडून जाणाऱ्या डेटाचा. शेजारी कुठेतरी `Event Log` असतो. काही कंपन्या हे पान ग्राहकासाठी बंद ठेवतात. तसं असेल तर हे आकडे त्यांच्याकडूनच मागून घ्यावे लागतात.

आधी पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट घ्या आणि वेळ लिहून ठेवा. घड्याळाची वेळ जोडलेली नसेल तर पुढचं सगळं गणित अडतं.

तीन आकडे, तीन वेगळे प्रश्न

डाउनस्ट्रीमच्या तक्त्यात प्रत्येक चॅनलपुढे, म्हणजे फ्रीक्वेन्सीच्या एकेका पट्ट्यापुढे, `Power` असतो. तुमच्या मोडेमपर्यंत सिग्नल किती ताकदीने पोहोचला, ते हा आकडा सांगतो. एकक `dBmV`. शून्य म्हणजे ७५ ओहमच्या तारेवर एक मिलिव्होल्ट, त्यामुळे शून्य हा आकडा वाईट नसून उलट आदर्श आहे. डॉक्सिस या केबल मोडेमच्या प्रमाणानुसार मोडेमने उणे १५ ते अधिक १५ पर्यंत काम करायला हवं. प्रत्यक्षात उणे ७ ते अधिक ७ या पट्ट्यात असाल तर ताकदीची काळजी सोडून द्या. हे मोजमाप लॉगरिदमिक आहे हे मात्र लक्षात असू द्या: ३ डीबी घट म्हणजे शक्ती निम्मी झाली.

दुसरा आकडा `SNR` किंवा `MER`. गोंगाटापेक्षा सिग्नल किती वर आहे, ते यातून कळतं. २५६-क्यूएएम या पद्धतीने डेटा भरलेल्या नेहमीच्या चॅनलसाठी ३३ डीबीच्या वर निवांत, ३० च्या आसपास धोका. चांगल्या लाइनवर ३६ ते ४० दिसतो. पण हा आकडा सरासरी असतो. पाव सेकंदाचा धक्का या सरासरीत विरून जातो. त्यामुळे SNR ३८ असूनही लाइन आजारी असू शकते. कॉल तुटण्याच्या तक्रारीत मी या रकान्यावर फार वेळ घालवत नाही.

तिसरा आकडा अपस्ट्रीमचा `Power`, आणि लोक तोच सर्वांत जास्त चुकीचा वाचतात. हा तुमच्याकडे आलेला सिग्नल नाही. मोडेमला कंपनीच्या टोकापर्यंत पोहोचायला किती जोर लावावा लागतो आहे, ते हा आकडा दाखवतो. तिकडची यंत्रणा मोडेमला सतत सांगत असते, जरा वाढव, जरा कमी कर, म्हणजे तिच्यापाशी सगळ्यांचे सिग्नल सारख्या पातळीवर येतात. वाटेत जितकी गळती जास्त, तितका मोडेमचा आवाज चढा. म्हणून इथे आकडा वाढणं ही वाईट बातमी. ३८ ते ४८ मध्ये असेल तर ठीक. चार अपस्ट्रीम चॅनल एकत्र वापरणाऱ्या डॉक्सिस ३.० मोडेमची मर्यादा साधारण ५१ आहे. आकडा तिथे येऊन थांबला असेल तर मोडेमकडे आणखी जोर उरलेला नाही.

याचा एक फायदा असा की अपस्ट्रीमचा आकडा म्हणजे घरबसल्या मिळालेलं गळतीमापक आहे. दोन स्थितींतल्या आकड्यांची वजाबाकी केली की वाटेतला कोणता तुकडा किती डीबी खातो ते कळतं. पुढच्या उदाहरणात सगळी मदार यावरच आहे.

चुकांची मोजणी म्हणजे काय

डेटा छोट्या गठ्ठ्यांत येतो. त्यांना कोडवर्ड म्हणतात. प्रत्येक गठ्ठ्यासोबत थोडी जास्तीची तपासणीची माहिती असते, तिच्या आधारे मोडेम मोजकी बिघडलेली चिन्हं दुरुस्त करतो. असे गठ्ठे `Corrected` मध्ये मोजले जातात. बिघाड त्यापलीकडे गेला तर गठ्ठा टाकून द्यावा लागतो आणि तो `Uncorrectable` मध्ये जमा होतो. दुरुस्त झालेल्यांनी तुमचं काहीच नुकसान होत नाही. त्रास होतो तो फक्त दुसऱ्या रकान्याचा.

पान उघडताच त्या रकान्यात काही लाख दिसले की लोक घाबरतात. पण ती बेरीज मोडेम चालू झाल्यापासूनची आहे, कदाचित चार महिन्यांची, त्यात एखादी वादळी रात्रही आली असेल. एकटा आकडा काहीच सांगत नाही. दोन वेळा वाचून फरक काढा: आता एकदा, तासाभराने पुन्हा. आणि शक्य असेल तर त्या तासात कॉल तुटायला हवा, नाहीतर तुम्ही निरोगी तास मोजलेला असतो.

आता तो फरक वेळेत बदला. ६ मेगाहर्ट्झच्या २५६-क्यूएएम चॅनलवर सेकंदाला साधारण ४५ हजार कोडवर्ड येतात. तुम्ही काही डाउनलोड करत असा किंवा नसा, चॅनल सतत वाहतच असतो. म्हणजे तासाला सुमारे १६ कोटी. तासाभरात ४५० वाया गेले तर एकूण शंभरावा भाग सेकंद गेला, विसरून जा. ४५,००० गेले तर पूर्ण एक सेकंद गेला, आणि तो तुकड्या-तुकड्यांनी गेला असेल तर कॉलवर तो नक्की ऐकू येतो. युरोपीय पद्धतीच्या ८ मेगाहर्ट्झ चॅनलवर कोडवर्डचा आकार वेगळा आहे, त्यामुळे ४५ हजार हा आकडा तिथे लागू होत नाही. वजाबाकीची पद्धत मात्र तीच.

दोन रकान्यांचं एकमेकांशी नातं

इथे खरी माहिती दडलेली असते. सिग्नल सतत थोडा कमजोर असेल, तर बहुतेक गठ्ठ्यांत एक-दोनच चिन्हं बिघडतात. दुरुस्त झालेले भरपूर, न झालेले थोडे. याउलट तार क्षणभर सुटली किंवा गोंगाटाचा जोरदार झटका आला, तर त्या क्षणातले सगळे गठ्ठे दुरुस्तीच्या पलीकडे जातात. मग न सुधारलेले जास्त आणि सुधारलेले कमी, असा उलटा तक्ता दिसतो. उलटा तक्ता दिसला की मी ताकदीचा विचार बाजूला ठेवतो आणि सैल जोड शोधायला लागतो.

दुसरी गोष्ट: चुका कोणत्या चॅनलवर आहेत? सगळ्यांवर जवळपास सारख्या असतील, तर ज्या वाटेने सगळे चॅनल येतात तिथेच दोष आहे, म्हणजे जोड, स्प्लिटर किंवा तार. एका छोट्या पट्ट्यातच SNR पडला असेल, उदाहरणार्थ ७०० ते ८०० मेगाहर्ट्झच्या आसपास, आणि शेजारचे चॅनल स्वच्छ असतील, तर मोबाइलच्या टॉवरचा सिग्नल सैल जोडातून किंवा फाटलेल्या आवरणातून आत शिरत असण्याची शक्यता मोठी. आणि फ्रीक्वेन्सी वाढेल तसा `Power` उतरत उतरत गेला, तर तार फार लांब आहे किंवा तिच्यात पाणी शिरलं आहे. थोडा उतार प्रत्येक लाइनवर असतोच. पावसानंतर तो वाढत असेल तर पाण्याचा संशय घ्या.

एक उदाहरण, आकड्यांसकट

घरात बाहेरून येणारी केबल एका दोन-मार्गी स्प्लिटरला लागते. एक वाट टीव्हीकडे, दुसरी छोट्या तारेने मोडेमकडे. तक्रार वरचीच, कॉल मधूनमधून गोठतो. एका तासाच्या अंतराने दोन वाचनं घेऊन वजाबाकी केली. आठपैकी चार चॅनल असे:

```
Freq   Power   SNR   Corrected  Uncorrectable
591     1.9    38.4     6120       38420
615     1.8    38.6     5874       37905
639     1.5    38.3     6033       38611
663     1.6    38.5     5990       38102
```

ताकद उत्तम, SNR उत्तम. फोनवरचा माणूस इथेच म्हणेल, "तुमचं सिग्नल परफेक्ट आहे." पण ३८ हजार भागिले ४५ हजार, म्हणजे तासात सुमारे ०.८५ सेकंद अंधार, सगळ्या चॅनलवर सारखा, आणि न सुधारलेले सुधारलेल्यांच्या सहापट. हा तुटक संपर्क आहे.

आता अपस्ट्रीम पाहू:

```
Freq   Power
17.6    51.0
24.0    49.7
30.4    48.8
36.8    48.5
```

पहिला चॅनल छताला टेकला आहे, आणि फ्रीक्वेन्सी जितकी कमी तितका जोर जास्त. निरोगी केबलमध्ये उलटं असतं, वरच्या फ्रीक्वेन्सीला गळती किंचित जास्त होते. खालच्या फ्रीक्वेन्सीच जास्त अडत असतील तर मधली तांब्याची तार कुठेतरी नीट टेकत नाही. टोकाशी बारीक फट राहिली की ती कपॅसिटरसारखी वागते: ६०० मेगाहर्ट्झचा सिग्नल सहज उडी मारतो, १७ मेगाहर्ट्झचा अडतो. डाउनस्ट्रीम इतका छान दिसण्याचं कारण हेच.

लॉगमध्येही पुरावा होता:

```
No Ranging Response received - T3 time-out
```

टी३ म्हणजे मोडेमने हाक मारली पण समोरून उत्तर आलं नाही. दिवसाकाठी एखादा टी३ सगळीकडे असतो. तासात पाच-सहा, तेही कॉल गोठण्याच्या मिनिटांनाच, म्हणजे अपस्ट्रीम अडखळते आहे. लॉगमध्ये टी४ दिसले तर मोडेमला समोरचा पुकाराच ऐकू आला नाही असं समजा. ते जास्त गंभीर.

पुढची पायरी: स्प्लिटर आणि छोटी तार दोन्ही बाजूला काढून बाहेरची केबल थेट मोडेमला लावली. मोडेम पुन्हा जोडला गेल्यावर पाच-दहा मिनिटं थांबून आकडे घेतले. अपस्ट्रीम ४३.० ते ४३.५, डाउनस्ट्रीम ५.४ च्या आसपास. आता हिशेब. दोन-मार्गी स्प्लिटर एका वाटेवर साधारण ३.५ डीबी घेतो, ते त्याचं कामच आहे. डाउनस्ट्रीम १.९ वरून ५.४ झाला, म्हणजे ३.५ चा फरक, अगदी अपेक्षेप्रमाणे. अपस्ट्रीमच्या शेवटच्या चॅनलवर ४८.५ वजा ४३.५ म्हणजे ५, जास्तीचे दीड. पहिल्या चॅनलवर ५१ वजा ४३ म्हणजे ८, जास्तीचे साडेचार. आणि ५१ हे छत असल्याने खरी गळती त्याहून मोठीही असू शकते.

म्हणजे दोष बाहेरच्या केबलमध्ये नाही, काढलेल्या दोन वस्तूंपैकी एकीत आहे. स्प्लिटर परत लावला, छोटी तार मात्र नवी घेतली. अपस्ट्रीम सगळीकडे ४६.५ ते ४७, म्हणजे थेटच्या आकड्यात स्प्लिटरचे ३.५ जमा, बस. स्प्लिटर निर्दोष, तार दोषी. जुन्या तारेचं टोक पाहिलं तर मधली तांब्याची तार कनेक्टरच्या कडेच्या आतच संपत होती. ती कडेच्या बाहेर साधारण ३ मिलिमीटर यायला हवी. खोलीतून कोणी चालत गेलं, तार जराशी हलली, की टेकलेलं टोक सुटायचं. पुढच्या तासाच्या वजाबाकीत दोन्ही रकान्यांत शून्य आलं.

एका वेळी एकच वस्तू बदलायची, ही शिस्त इथे कामाला आली. तार आणि स्प्लिटर दोन्ही एकदम नवे लावले असते तर दोष गेला असता, पण कशाने ते कळलं नसतं.

हात लावताना

कनेक्टर हाताने घट्ट करा, मग छोट्या पान्याने किंचितसा आणखी फिरवा. जास्त पिळलं तर मोडेमचा सॉकेट आतून तुटतो. स्प्लिटरचं वापरात नसलेलं तोंड उघडं ठेवू नका, त्याला ७५ ओहमचा टर्मिनेटर लावा. आकडे कमी दिसले म्हणून बाजारातून अँप्लिफायर आणून बसवणं हा उपाय नाही. तो सिग्नलसोबत गोंगाटही वाढवतो, आणि काही अँप्लिफायर परतीची वाटच बंद करतात, मग मोडेम जोडलाच जात नाही. घराबाहेरच्या पेटीला आणि खांबाला हात लावू नका. विजा चमकत असताना आतल्या तारांनाही नको.

एक अपवाद सांगायलाच हवा. डॉक्सिस ३.१ मोडेमवर एखादा ओएफडीएम चॅनल वेगळ्या ओळीत दिसतो. त्याच्या `Corrected` मध्ये अब्जावधींचा आकडा असतो, जवळजवळ आलेल्या सगळ्या गठ्ठ्यांइतका. ते नॉर्मल आहे, त्या चॅनलची दुरुस्तीची पद्धतच तशी चालते. तिथे दोन रकान्यांच्या प्रमाणाचा वरचा नियम लावू नका, फक्त `Uncorrectable` वाढतो का ते पाहा.

डीएसएलवर हेच कसं दिसतं

टेलिफोनच्या जोडतारेवरून येणाऱ्या लाइनवर `SNR Margin` पाहायचा. नाव सारखं वाटलं तरी हा केबलच्या SNR चा भाऊ नाही. सध्याच्या वेगाला जेवढं लागतं त्याच्यावर किती डीबी शिल्लक आहे, ते मार्जिन सांगतो. बऱ्याच लाइनवर जोडणीच्या वेळी ६ हे लक्ष्य असतं, म्हणून ६ पाहून घाबरायचं कारण नाही. दिवसात तो कुठवर खाली येतो ते पाहा. रात्री मध्यम लहरींचे दूरचे रेडिओ ऐकू यायला लागतात, तेव्हा मार्जिन दोन-तीन डीबी उतरणं सामान्य आहे. तो १-२ पर्यंत आला की लाइन तुटते.

`Attenuation` हा तारेच्या लांबीचा आकडा. लांबी बदलत नाही, म्हणून हाही बदलायला नको. दर वाचनात तो चार-पाच डीबींनी हलत असेल तर कुठेतरी जोड गंजला आहे. फोनची घंटी वाजली किंवा रिसीव्हर उचलला की इंटरनेट तुटतं, हेही त्याच गंजाचं लक्षण. आधी मात्र फोनच्या वाटेवरचा फिल्टर बदलून पाहा, तो स्वस्तातला संशयित आहे.

चुकांमध्ये `FEC` म्हणजे दुरुस्त झालेल्या, तो सोडून द्या. `CRC` म्हणजे न झालेल्या. सोबत `ES` असतो, किमान एक चूक झालेल्या सेकंदांची संख्या. या दोघांचं नातं बोलकं आहे. तासात CRC ३०० आणि ES २८० असेल तर चुका सगळीकडे विखुरल्या आहेत, म्हणजे मार्जिन कमी पडतो आहे. CRC ३०० पण ES फक्त १२ असेल तर मोजक्या क्षणी जोरदार झटके येत आहेत: एखादी मोटर, खराब पॉवर अडॅप्टर, सैल जोड. घरातल्या वस्तू एकेक करून बंद करत ES थांबतो का ते पाहा.

इथे मोडेम वारंवार बंद-चालू करणं केबलपेक्षाही वाईट. अनेक कंपन्यांची यंत्रणा लाइन किती वेळा तुटते ते मोजते आणि अस्थिर ठरवून वेग उतरवते. तुम्ही स्वतः बंद केलं की लाइनच पडली, यातला फरक तिला नेहमीच कळतो असं नाही. तपासणीसाठी मोडेम घरात येणाऱ्या पहिल्या सॉकेटला लावा, आतल्या सगळ्या एक्स्टेन्शन तारा सोडवा, आणि एक पूर्ण दिवस तसाच राहू द्या. चुका थांबल्या तर दोष घरातल्या वायरिंगमध्ये आहे.

पहिल्या सॉकेटवर किंवा थेट केबलवरही तेच आकडे येत असतील तर काम कंपनीचं आहे. तंत्रज्ञ येण्याआधी दोन्ही वाचनं वेळेसकट कागदावर लिहून ठेवा, मधला फरक, लॉगमधल्या टी३ किंवा लाइन तुटण्याच्या वेळा, आणि स्प्लिटर काढून घेतलेलं वाचन. "नेट स्लो आहे" म्हटलं तर तो स्पीड टेस्ट करून निघून जाईल. "थेट जोडूनही अपस्ट्रीम ५१ आहे आणि पहिल्या चॅनलवर सर्वांत जास्त" असं सांगितलं तर तो मीटर घेऊन बाहेरच्या पेटीकडे जाईल.